कॉफीचे अ‍ॅप आणि ग्राहकाचा माग
टिम हॉर्टन्स ही कॅनडात गावोगावी दुकाने असलेली कॉफीची साखळी. तिच्या मोबाइल अ‍ॅपचे काम अगदी मर्यादित आहे: कॉफीची ऑर्डर आधी नोंदवणे, गुण जमवणे आणि जवळचे दुकान दाखवणे. यापैकी ग्राहक कुठे आहे हे कळण्याची गरज मुख्यतः जवळचे दुकान शोधताना पडते. तीही अ‍ॅप उघडल्यावर, क्षणभर. प्रत्यक्षात मे 2019 पासून हे अ‍ॅप दिवसभर दर काही मिनिटांनी ठावठिकाणा नोंदवत होते. अ‍ॅप बंद असले तरी नोंद चालूच राही.

हा प्रकार जून 2020 मध्ये उजेडात आला, तो ‘फायनान्शियल पोस्ट’ या वृत्तपत्राच्या एका पत्रकारामुळे. कॅनडाच्या कायद्यानुसार कंपनीकडे असलेली स्वतःची माहिती मागवता येते. त्याने ती मागवली, तेव्हा पाच महिन्यांहून कमी काळात आपला ठावठिकाणा 2,700 हून अधिक वेळा टिपला गेल्याचे त्याला आढळले. म्हणजे सरासरी दिवसाला अठराच्या आसपास नोंदी. इतकी कॉफी तर कोणी पीत नाही!

अक्षांश-रेखांशांचे सुटे आकडे पाहून फारसे काही कळत नाही. ते एकमेकांशेजारी मांडले की अर्थ उलगडू लागतो. फोन रोज रात्री जिथे स्थिर असतो ते घर, कामाच्या दिवशी दुपारी जिथे असतो ते कामाचे ठिकाण. टिम हॉर्टन्सने हे काम अमेरिकेतील रडार नावाच्या कंपनीच्या तंत्रावर सोपवले होते. ग्राहक घरी किंवा कामावर पोहोचला, तिथून निघाला, मोठ्या क्रीडागृहात गेला किंवा प्रतिस्पर्धी कॉफीच्या दुकानात शिरला, की त्याची वेगळी नोंद होई. याच पद्धतीने दवाखाना, प्रार्थनास्थळ किंवा पक्षाचे कार्यालय यांच्या फेऱ्याही ओळखता येतात. नाव काढून टाकले की माहिती निनावी होते, हा दिलासाही तकलादू आहे. सुमारे 15 लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवर आधारलेल्या 2013 च्या एका अभ्यासात असे दिसले, की जागा आणि वेळ यांच्या केवळ चार नोंदींवरून 95 टक्के लोकांचा माग गर्दीतून वेगळा काढता येतो.

कॅनडाचे संघीय आयुक्त आणि क्वेबेक, ब्रिटिश कोलंबिया व अल्बर्टा या प्रांतांची गोपनीयता प्राधिकरणे यांनी एकत्र चौकशी करून 1 जून 2022 रोजी अहवाल दिला. त्यांनी आधी विचारले ते असे, की ही माहिती मुळात कशासाठी हवी होती? नेमक्या ग्राहकाला नेमकी जाहिरात दाखवता यावी, हा कंपनीचा मूळ हेतू. पण तो बेत कंपनीने गुंडाळून ठेवला, आणि तरीही वर्षभर माहिती गोळा होत राहिली. तिचा वापर झाला तो ग्राहकांचे एकंदर कल पाहण्यापुरता. एवढ्या किरकोळ लाभासाठी माणसाच्या सगळ्या हालचाली टिपणे प्रमाणाबाहेरचे आहे, असे चौकशीत ठरले. हेतूच अवाजवी असेल तर ग्राहकाच्या होकाराने तो वाजवी ठरत नाही. या प्रकरणातले सर्वांत मोलाचे सूत्र हेच म्हणावे लागेल.

होकाराचीही स्थिती धड नव्हती. अ‍ॅप उघडे असतानाच ठावठिकाणा पाहिला जातो, असा समज कंपनीने अनेक ग्राहकांना करून दिला होता. कोणत्या गोष्टीला आपण होकार देत आहोत हेच ठाऊक नसेल, तर ‘परवानगी द्या’ या बटणावर बोट टेकवण्याला संमती म्हणता येत नाही. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती ठरलेल्या कामापुरत्या आवश्यक माहितीलाच लागू होते. कायद्यातच उदाहरण दिले आहे: दूरवैद्यकीय सेवेच्या अ‍ॅपने फोनमधली संपर्कयादी मागितली आणि वापरणाऱ्याने होकार दिला, तरी उपचारांसाठी त्या यादीची गरज नसल्याने तो होकार तिला लागू होत नाही.

रडारबरोबरच्या करारातही आयुक्तांना खोट सापडली. त्याची भाषा इतकी मोघम होती, की नावे काढलेली माहिती त्या कंपनीला स्वतःसाठी विकण्याची वाट मोकळी राहत होती.

चौकशी सुरू झाल्यावर ऑगस्ट 2020 मध्ये टिम हॉर्टन्सने हा माग काढणे थांबवले आणि पुढे उरलेली माहिती पुसून टाकण्याचे मान्य केले. दंड मात्र झाला नाही, कारण संघीय कायद्यात आयुक्तांना तो अधिकारच नव्हता. ग्राहकांनी भरलेल्या सामूहिक दाव्यांत कंपनीने तडजोड म्हणून प्रत्येकाला एक गरम पेय आणि बेकरीतला एक पदार्थ फुकट देऊ केला.