तुकड्यांवरून ओळखलेलं रबर

रबराच्या झाडाचा चीक सुकवला की जो पदार्थ मिळतो, त्यात कार्बनच्या ५ अणूंमागे हायड्रोजनचे ८ अणू असतात हे मायकेल फॅरडे यांनी १८२६ सालीच शोधून काढलं होतं. पण अणूंची मोजदाद झाली म्हणजे रचना कळली असं नाही. १८६० मध्ये ग्रेव्हिल विल्यम्स यांनी रबर खूप तापवून त्यातून आयसोप्रीन नावाचा पातळ द्रव मिळवला. त्याचंही सूत्र C₅H₈. तरी शंका उरलीच, कारण इतक्या उष्णतेत बंध कुठेही तुटतात आणि तुकडे पुन्हा हवे तसे जुळतात. भट्टीतून बाहेर आलेला तुकडा मूळ रेणूत तसाच होता, हे कशावरून ठरवायचं?

हवं होतं असं रसायन, जे थंडीत काम करेल आणि एकाच ठरलेल्या जागी रेणू तोडेल. ओझोन तसा आहे. कार्ल हॅरीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओझोनची ही करामत नीट अभ्यासली. त्यांचे सासरे वेर्नर सीमेन्स यांनी विजेच्या मूक विसर्गातून ओझोन बनवणारी नळी १८५७ मध्येच तयार केली होती.

ओझोन नेमकं करतो काय? दोन कार्बनमध्ये जिथे दुहेरी बंध असतो तिथे तो जोडला जातो आणि ओझोनाइड तयार होतं. मग त्यावर झिंकची पूड व अ‍ॅसेटिक आम्ल किंवा डायमिथाइल सल्फाइड घातलं की रेणू बरोबर त्या दुहेरी बंधाशी दुभंगतो आणि दोन्ही तुटक्या टोकांच्या कार्बनवर एकेक ऑक्सिजन बसतो. टोकाच्या कार्बनवर हायड्रोजन असेल तर तिथे अल्डिहाइड तयार होतं. दोन्ही बाजूंना कार्बनच असतील तर कीटोन मिळतो. एकेरी बंध सहसा शाबूत राहतात.

म्हणूनच हे गणित उलटं सोडवता येतं. समजा एका अज्ञात अल्कीनपासून अ‍ॅसिटोन आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड मिळाले. दोघांचे कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेले ऑक्सिजन समोरासमोर लिहायचे, ते खोडायचे आणि मोकळे झालेले कार्बन एकमेकांना दुहेरी बंधाने जोडायचे. (CH₃)₂C=CH–CH₃ हे उत्तर येतं, म्हणजेच २-मिथाइलब्यूट-२-ईन. अ‍ॅसिटोनचे ३ आणि अ‍ॅसिटाल्डिहाइडचे २ मिळून ५ कार्बन झाले. मूळ पदार्थातही ५ असतील तर एकही तुकडा हरवलेला नाही. अकरावीच्या मुलांनी हा ताळा कधी सोडू नये, कारण फॉर्माल्डिहाइडसारखा एका कार्बनचा तुकडा वायुरूप असल्यामुळे सहज निसटतो. कार्बन कमी भरला की त्याचीच आठवण आधी व्हायला हवी.

आजच्या प्रयोगशाळेत पदार्थ डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवतात, चंबू कोरड्या बर्फात ठेवून उणे ७८ अंशांपर्यंत थंड करतात आणि ओझोनमिश्रित ऑक्सिजन त्यातून सोडतात. दुहेरी बंध शिल्लक असेपर्यंत ओझोन वापरला जातो. बंध संपले की तो द्रवात साठू लागतो आणि द्रव फिका निळा दिसतो. ही थांबण्याची खूण. उरलेला ओझोन ऑक्सिजन किंवा नायट्रोजन सोडून घालवतात, मगच पुढचं रसायन घालतात. ओझोनाइड सुकवून वेगळं काढण्याचा मोह टाळलेलाच बरा, त्याचा स्फोट होऊ शकतो. झिंकऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरलं तर अल्डिहाइडचं आम्ल होतं. त्यामुळे आम्ल हाती आलं, तर आधी ते कशाने मिळालं हे विचारावं लागतं आणि मनाने एक पायरी मागे जाऊन तिथे अल्डिहाइड लिहावं लागतं.

हॅरीस यांनी रबराचं ओझोनाइड पाण्याने फोडलं. त्यातून मुख्यतः ५ कार्बनचा एकच तुकडा आला, लेव्ह्युलिनिक अल्डिहाइड: CH₃–CO–CH₂–CH₂–CHO. सोबत लेव्ह्युलिनिक आम्लही होतं, पण तो वेगळा तुकडा नव्हता. तोच अल्डिहाइड ऑक्सिजनने पुढे गेलेला. या तुकड्याच्या एका बाजूला कीटोन आहे, दुसऱ्या टोकाला अल्डिहाइड आणि मधे दोन CH₂. ऑक्सिजन दोन्हीकडे, म्हणजे मूळ रेणूत याच्या दोन्ही बाजूंना दुहेरी बंध होता. एका तुकड्याची कीटोनची बाजू शेजारच्या तुकड्याच्या अल्डिहाइडच्या टोकाला जोडत गेलं की असा क्रम मिळतो:

…=C(CH₃)–CH₂–CH₂–CH=C(CH₃)–CH₂–CH₂–CH=…

आयसोप्रीनचे घटक एका मागून एक, सगळे एकाच दिशेला तोंड करून. हा निष्कर्ष किती पक्का आहे ते एका विचाराने कळतं. समजा मधेच एखादा घटक उलटा बसला असता, तर दोन मिथाइलधारी कार्बनांमध्ये दोन CH₂ आले असते आणि ओझोनने तिथून हेक्झेन-२,५-डायोन हा ६ कार्बनचा डायकीटोन दिला असता. त्याच्या जोडीला ४ कार्बनचा सक्सिनाल्डिहाइडही आला असता. रबर मुख्यतः लेव्ह्युलिनिक तुकडेच देतं, म्हणून झाडाने घटक शिस्तीने ओवले आहेत असं म्हणता येतं. मला या पद्धतीत सगळ्यात मोलाचं हेच वाटतं: जे तुकडे आले नाहीत, त्यांचीही साक्ष ती देते.

पण काही प्रश्नांना ओझोन उत्तर देऊच शकत नाही. दाताच्या रूट कॅनॉलमध्ये भरतात ते गटापर्चा घ्या. त्यातल्या मूळ झाडाच्या चिकाचं ओझोनने विघटन केलं तरी लेव्ह्युलिनिक अल्डिहाइडच मिळतं, आणि तरी गटापर्चा कडक असतं, रबर लवचीक. रबरात साखळीचे पुढचे-मागचे भाग दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला असतात, गटापर्चात विरुद्ध बाजूंना. ओझोन तोच बंध तोडतो, त्यामुळे बाजूची खूण त्याच क्षणी पुसली जाते. ती कळण्यासाठी न तुटलेल्या पदार्थाचीच क्ष-किरणांसारख्या साधनाने पाहणी करावी लागते.

दुसरा प्रश्न हॅरीस यांना स्वतःलाच भोवला. वर लिहिलेल्या क्रमाच्या दोन्ही टोकांना टिंबं आहेत. तिथे काय? लेव्ह्युलिनिक अल्डिहाइडच्या दोन्ही बाजूंना ऑक्सिजन असल्याने मोकळं टोक कुठेच दिसत नव्हतं. मोकळं टोक नसलेला रेणू म्हणजे वलय, असं त्यांना वाटलं. दोनच घटक वळून एकमेकांना जोडले तर ८ कार्बनचं वलय आणि त्यावर दोन मिथाइल गट असं डायमिथाइलसायक्लोऑक्टाडाइन तयार होतं. ओझोनने त्याचेही नेमके दोन लेव्ह्युलिनिक अल्डिहाइड होतात. कागदावर उत्तर निर्दोष होतं. अशी छोटी वलयं दुहेरी बंधांच्या उरल्यासुरल्या ओढीने एकमेकांना चिकटून रबर होतं, असं त्यांनी मांडलं. पुढे वलय मोठं असावं हे त्यांनी मान्य केलं, पण वलय सोडलं नाही.

हजारो घटकांची लांबलचक साखळी असेल तर तिलाही टोकं असतात. पण दोन टोकांचे तुकडे त्या हजारोंत इतके नगण्य असतात की चंबूत ते दिसणारच नाहीत. तुकड्यांवरून वलय आणि लांब साखळी यांत फरक करता येत नव्हता. हेर्मान स्टाउडिंगर यांनी म्हणून वेगळी वाट धरली. चिकटण्याचं कारण दुहेरी बंध असतील, तर हायड्रोजन घालून ते संपवल्यावर छोटी वलयं सुटी व्हायला हवीत आणि वाफ होऊन ऊर्ध्वपातित व्हायला हवीत. १९२२ मध्ये याकोब फ्रित्शी यांच्यासह त्यांनी रबरात हायड्रोजन भरला. मिळालेला पदार्थ रबरासारखाच चिवट द्रावण करणारा होता आणि त्याचं ऊर्ध्वपातन झालं नाही. रबर ही खऱ्या, एकसंध बंधांची प्रचंड लांब साखळी आहे या त्यांच्या म्हणण्याला यामुळे मोठा आधार मिळाला. हॅरीस यांनी तुकड्यांवरून जोडलेला घटकांचा क्रम मात्र या साखळीतही जसाच्या तसा राहिला.