आपोआप निघणाऱ्या रिपोर्टची रन-नोंद

आजच्या बहुतेक कार्यालयांत रोजचे रिपोर्ट कोणी बसून तयार करत नाही. ठरलेल्या वेळी सर्व्हरवर एक प्रोग्रॅम सुरू होतो, डेटाबेसमधून आकडे उचलतो, एक्सेल किंवा पीडीएफ फाइल बनवतो आणि ठरलेल्या पत्त्यांवर ईमेलने पाठवतो. अशा प्रत्येक वेळेला ‘रन’ म्हणतात. प्रत्येक रनमागे कायमस्वरूपी लिहून ठेवलेली एक ओळ म्हणजे त्या रनची नोंद, आणि अशा सगळ्या ओळी मिळून रन लॉग तयार होतो. कार्यालयातले जावक रजिस्टर पत्र कधी आणि कोणाला गेले एवढेच सांगते. रन लॉगने त्यापुढे जाऊन तो कागद कोणत्या माहितीवरून, कोणत्या सूत्राने आणि कोणत्या अवस्थेत तयार झाला हेही सांगायचे असते.

एक साधे उदाहरण घेऊ. १४ शाखांची एक नागरी सहकारी बँक आहे. रोज पहाटे ५ वाजता तिथे थकीत कर्जांचा रिपोर्ट निघतो. आदल्या दिवसाच्या अखेरीस ज्या खात्यांचे हप्ते थकले आहेत, त्यांची यादी वसुली विभागाला आणि व्यवस्थापकांना सकाळी मिळते. त्याच्या एका रनची नोंद अशी दिसेल:

```
run_id:       4127
report:       overdue_daily
as_of_date:   2024-09-30
started_at:   2024-10-01 05:00:02 +05:30
finished_at:  2024-10-01 05:01:47 +05:30
status:       OK
branches:     9
rows_out:     1214
total:        68420500.00
code_version: a41c07e
file_sha256:  9f3c…e1
triggered_by: schedule
```

यातल्या दोन तारखांची गल्लत होता कामा नये. `started_at` म्हणजे रिपोर्ट प्रत्यक्ष चालला ती वेळ आणि `as_of_date` म्हणजे रिपोर्टमधले आकडे ज्या दिवसाचे आहेत ती तारीख. बुधवारी सोमवारचा रिपोर्ट पुन्हा काढला तर पहिली बदलते, दुसरी तीच राहते. ही दुसरी तारीख लिहिलेली नसेल, तर सहा महिन्यांनी हाती आलेली फाइल नेमकी कोणत्या दिवसाची हे ठरवता येत नाही. `code_version` हा रिपोर्ट बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आवृत्तीचा क्रमांक असतो. ‘थकीत’ कशाला म्हणायचे याचा नियम मध्येच बदलला असेल, तर आकडा का हलला याचे उत्तर याच रकान्यात सापडते.

नोंद दोनदा लिहायची

रन संपल्यावर एकदाच नोंद करण्याची पद्धत सोपी वाटते, पण तिच्यात मोठी त्रुटी आहे. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला, वीज गेली किंवा सर्व्हर रीस्टार्ट झाला, तर नोंद लिहिण्याची पायरी येतच नाही. ज्या रनबद्दल सर्वांत जास्त माहिती हवी, तिचाच मागमूस उरत नाही. म्हणून प्रोग्रॅम सुरू होताच पहिली गोष्ट म्हणून `RUNNING` अशी ओळ टाकायची आणि काम संपल्यावर ती `OK` किंवा `FAILED` म्हणून पूर्ण करायची. एरवी दोन मिनिटांत संपणारा रिपोर्ट तासाभरानेही `RUNNING` दिसत असेल, तर तो अडकला आहे किंवा मध्येच मेला आहे हे लगेच कळते.

यात एक बारकावा हमखास राहून जातो. डेटाबेसमधले काम ट्रान्झॅक्शनमध्ये चालते. चूक झाली की त्या ट्रान्झॅक्शनमधले सगळे बदल मागे घेतले जातात. रन लॉगची ओळ त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिली असेल, तर चुकीबरोबर चुकीची नोंदही पुसली जाते. त्यामुळे लॉग स्वतंत्र ट्रान्झॅक्शनमध्ये लिहून लगेच कायम करावा लागतो.

‘OK’ म्हणजे बरोबर नव्हे

`status: OK` याचा अर्थ एवढाच, की प्रोग्रॅम एरर न येता शेवटपर्यंत गेला. आत आलेली माहिती पुरी होती की अपुरी, हे त्यातून कळत नाही. म्हणून किती ओळी आल्या, किती बाहेर पडल्या आणि मुख्य रकमेची बेरीज किती झाली, हे आकडे नोंदीत असलेच पाहिजेत.

याचे किती मोल पडू शकते, हे इंग्लंडमध्ये २०२० साली दिसले. प्रयोगशाळांकडून येणारे कोविड चाचण्यांचे निकाल पब्लिक हेल्थ इंग्लंड ही संस्था आपोआप चालणाऱ्या प्रक्रियेने एकत्र करत होती. त्यात एक्सेलच्या जुन्या `.xls` फाइलचा वापर होता आणि त्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ हून जास्त ओळी मावत नाहीत. मर्यादेपलीकडची माहिती गळून गेली. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. त्या लोकांना चाचणीचा निकाल मिळाला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. प्रयोगशाळेकडून आलेल्या ओळी आणि पुढे पाठवलेल्या ओळी यांचा ताळा प्रत्येक रनला घातला, तर अशी गळती दुसऱ्या कोणाच्या लक्षात येण्याआधी नोंदीतच दिसते.

एक बिघाड, नोंदीवरून उकललेला

वर दिलेली ४१२७ क्रमांकाची नोंद पुन्हा पाहू. १ ऑक्टोबरच्या सकाळी वसुली विभागाला १,२१४ खात्यांची यादी मिळाली. स्थिती `OK` होती, फाइल व्यवस्थित उघडत होती, ईमेलही वेळेवर गेला होता. यादी छोटी झाल्याचे पाहून वसुली सुधारली असा समज होणे अगदी स्वाभाविक होते.

रन लॉगमधल्या मागच्या ३० नोंदी शेजारी ठेवल्या, की चित्र बदलते. ओळी रोज १,८३० ते १,८७० च्या दरम्यान आहेत. एका रात्रीत साडेसहाशे खाती नियमित होत नाहीत. `branches` रकान्यात रोज १४ आहेत आणि या दिवशी ९. म्हणजे पाच शाखांची माहितीच रिपोर्टपर्यंत पोचलेली नाही. `code_version` आदल्या दिवसाचीच आहे, म्हणून प्रोग्रॅममध्ये कोणी बदल केला ही शंका तिथेच मिटते. उरतो प्रश्न माहिती कधी तयार झाली याचा.

३० सप्टेंबर हा सहामाहीचा शेवट. व्याज आकारणीमुळे त्या रात्रीचे डे-एंड लांबले. एरवी पहाटे साडेतीनला संपणारे काम ५ वाजून २० मिनिटांनी संपले, ही वेळ डे-एंडच्या स्वतःच्या लॉगमध्ये होती. रिपोर्ट मात्र घड्याळ बघून ५ वाजता सुरू झाला आणि तोवर पूर्ण झालेल्या नऊ शाखांवर समाधान मानून मोकळा झाला. दोन लॉगमधल्या वेळा जुळवताच कारण हाती आले. अशी जुळणी व्हायची तर सर्व सर्व्हरची घड्याळे एकाच वेळेशी बांधलेली हवीत आणि नोंदीत `+05:30` सारखा वेळेचा संदर्भ हवा. एका सर्व्हरवर भारतीय वेळ आणि दुसऱ्यावर जागतिक प्रमाणवेळ असली, तर साडेपाच तासांचा फरक तपास भलतीकडे नेतो.

उपाय दोन पातळ्यांवर करावा लागतो. रिपोर्ट ५ वाजता सुरू न करता डे-एंड पूर्ण झाल्याची खूण मिळाल्यावर सुरू करायचा. शिवाय शाखांची संख्या १४ पेक्षा कमी भरली, किंवा ओळी नेहमीच्या पातळीपेक्षा ठरावीक टक्क्यांहून जास्त घसरल्या, तर स्थिती `OK` न लिहिता `SUSPECT` लिहायची आणि फाइल पाठवण्याआधी माणसाला कळवायचे. ही मर्यादा लॉगमधल्या जुन्या नोंदी पाहूनच ठरवता येते. ती फार घट्ट ठेवली तर रोज खोटे इशारे येतात आणि लोक ते वाचणे सोडतात.

जो रिपोर्ट चाललाच नाही

रन लॉग कितीही काटेकोर असला, तरी न झालेल्या रनची ओळ त्यात नसते. शेड्यूल चुकून बंद झाले, सर्व्हर रात्रभर बंद राहिला, तर लॉगमध्ये चूक दिसत नाही, फक्त शांतता दिसते. त्यासाठी अपेक्षित रनची वेगळी यादी ठेवावी लागते: कोणता रिपोर्ट, कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत. दुसरा एक छोटा प्रोग्रॅम ही यादी आणि रन लॉग ताडून पाहतो आणि जी ओळ यायला हवी होती पण आली नाही, ती कळवतो. हा तपासनीस प्रोग्रॅम शक्यतो वेगळ्या सर्व्हरवर असावा. तो त्याच सर्व्हरवर असला, तर दोघे एकदमच बंद पडतात.

लेखापरीक्षकाच्या हाती

बिघाड शोधताना लागणारा लॉग आणि लेखापरीक्षणाला लागणारा लॉग एकच असतो, पण लेखापरीक्षकाची अट जास्त कडक असते: नोंद नंतर बदललेली नाही याची खात्री. ज्या खात्याने प्रोग्रॅम चालतो, त्याला नवी ओळ टाकण्याचा अधिकार द्यायचा, जुन्या ओळी बदलण्याचा किंवा पुसण्याचा नाही. अशा वेळी सुरुवात आणि शेवट या दोन वेगळ्या ओळी ठेवून त्यांना एकच `run_id` देतात.

रिपोर्ट पुन्हा काढला, तरी जुनी नोंद तशीच राहते. नव्या रनला नवा क्रमांक, जुन्या क्रमांकाचा संदर्भ, कोणी काढला आणि का काढला हे लिहायचे. आपल्या उदाहरणात ४१२७ जागेवरच राहील आणि ४१२८ मध्ये ‘५ शाखा राहिल्या होत्या’ असे कारण असेल. त्या रनमध्ये नेमकी कोणती फाइल तयार झाली, हे `file_sha256` वरून सिद्ध होते. फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली ही ६४ अक्षरांची खूण असते. फाइलमधला एक आकडा जरी बदलला, तरी खूण बदलते. संचालक मंडळापुढे ठेवलेली फाइल हीच होती का, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे पुराव्यासह देता येते.

नोंदी किती काळ ठेवायच्या हे कामाच्या स्वरूपावर ठरते. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांचे लॉग किमान सलग १८० दिवस ठेवावे लागतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे कंपन्यांनी हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपायची असतात. ज्या रिपोर्टवरून हिशेबाचा निर्णय होतो, त्याची रन-नोंद त्या हिशेबाइतकाच काळ ठेवणे शहाणपणाचे. एका नोंदीला जागा नगण्य लागते, त्यामुळे खर्चाची सबब चालत नाही.

काही गोष्टी मात्र लॉगमध्ये येता कामा नयेत: डेटाबेसचा पासवर्ड, खातेदारांची नावे, आधार किंवा मोबाइल क्रमांक. एरर संदेशाबरोबर संपूर्ण क्वेरी आणि तिच्यातली माहिती छापली जाण्याची सवय प्रोग्रॅमना असते. ती तिथेच गाळली पाहिजे, कारण लॉग पाहणाऱ्यांची संख्या मूळ माहिती पाहण्याचा अधिकार असलेल्यांपेक्षा सहसा जास्त असते.

ज्यांच्या कार्यालयात असे रिपोर्ट रोज निघतात, त्यांनी कोणतीही जुनी फाइल घेऊन तीन प्रश्न विचारावेत: ही कोणत्या दिवसाच्या माहितीवर निघाली, तेव्हा ती माहिती पूर्ण होती का, आणि नेमकी हीच फाइल पाठवली गेली का. रन लॉगमधून तिन्हींची उत्तरे मिळत नसतील, तर ज्या रकान्याअभावी उत्तर अडले, तो रकाना आजच वाढवावा.