कायस मरतो, मी नाही

लेखमाला : असण्याचा प्रश्न – लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण मार्टिन हायडेगरच्या ‘चारचौघां’ची ओळख करून घेतली. चारचौघे वाचतात ते आपण वाचतो, ते चिडतात त्यावर आपणही चिडतो. ‘मला गर्दी आवडत नाही’ हे वाक्यसुद्धा चारचौघे म्हणतात म्हणून आपण म्हणतो. या चारचौघांत बोट दाखवता येईल असा माणूस एकही नाही, म्हणून त्यांना जाब विचारता येत नाही. एक प्रश्न मात्र राहून गेला होता. आपण स्वतःला इतक्या सहजपणे त्यांच्या हवाली का करतो? ‘झाइन उंड त्साइट’, म्हणजे ‘अस्तित्व आणि काळ’, हा हायडेगरचा ग्रंथ १९२७ साली आला. त्यात तो म्हणतो की आपण पळत असतो, आणि चारचौघांत लपायला जागा बरी मिळते.

हे पळणं रोज कसं दिसतं, ते आधी पाहू. हायडेगर त्याला कुतूहल म्हणतो, पण ते शास्त्रज्ञाचं कुतूहल नव्हे. शास्त्रज्ञ एका गोष्टीपाशी थांबतो. हे कुतूहल एक गोष्ट बघतं ते पुढच्या गोष्टीकडे जाता यावं म्हणून. त्याला समजून घ्यायचं नसतं, फक्त पाहून झालेलं असायला हवं असतं. असा माणूस सगळीकडे असतो आणि कुठेच नसतो. हे वाचताना आपला हात नकळत मोबाइलकडे जातो, पण मोबाइलला दोष देण्याची घाई नको. हायडेगरच्या समोर होतं ते वर्तमानपत्र आणि नुकताच घरोघरी पोचू लागलेला रेडिओ. विचलित होण्याची साधनं बदलली, विचलित होणारा तोच राहिला. त्यामुळे फोन कपाटात ठेवून हा प्रश्न सुटत नाही. फोन ठेवल्यावर दहाव्या मिनिटाला जी अस्वस्थता येते, खरा विषय ती आहे.

ती भीती नाही. भीतीला समोर काहीतरी लागतं: अंगावर येणारा कुत्रा, डॉक्टरांचा रिपोर्ट, थकलेला हप्ता. ज्याची भीती वाटते त्यापासून दूर सरता येतं किंवा त्यावर उपाय करता येतो. हायडेगर ज्या चिंतेबद्दल बोलतो तिला समोर काहीच नसतं. सगळं ठीक असताना, रविवारच्या दुपारी, ती अचानक येते. घर तेच, टेबलावरचे कागद तेच, उद्याची कामंही तीच. पण त्या सगळ्यांची आपल्यावरची पकड सुटलेली असते. वस्तू असतात, पण त्यांना आपल्याशी काही देणंघेणं उरलेलं नसतं. आपल्याच घरात आपण परके होतो. नंतर कुणी विचारलं तर आपण म्हणतो, ‘काही नाही रे, उगाच.’ हायडेगरच्या मते हे उत्तर अगदी बरोबर आहे, कारण खरोखरच जगातलं काहीही तिथे नव्हतं. उरलं होतं ते नुसतं आपलं असणं, कुठल्याही कामाच्या आणि भूमिकेच्या आधाराविना.

(ज्याला घबराटीचे झटके येतात किंवा आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, त्याने डॉक्टरांकडेच जावं. हायडेगर ज्या चिंतेचं वर्णन करतो ती त्याच्याच म्हणण्यानुसार दुर्मीळ आहे. तिच्या नावाखाली आजाराला तत्त्वज्ञानाचा मुलामा देण्यात अर्थ नाही.)

या चिंतेचा मृत्यूशी संबंध कसा येतो? इथे हायडेगर एका तळटीपेत टॉलस्टॉयच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ या १८८६ सालच्या कादंबरिकेचं नाव घेतो. ‘माणूस मरतो’ ही निर्धास्त समजूत कशी ढासळते ते टॉलस्टॉयने दाखवलं आहे, एवढंच तो नोंदवतो आणि पुढे जातो. आपण मात्र इथे थांबू, कारण ग्रंथातली कित्येक पानं ज्यासाठी खर्ची पडली आहेत ते या कथेत उघड्यावर दिसतं.

इव्हान इलिच हा न्यायखात्यातला यशस्वी अधिकारी. नव्या घराचे पडदे कसे लावायचे ते कारागिराला दाखवताना तो शिडीवरून घसरतो आणि कुशीला मार लागतो. पुढे दुखणं वाढत जातं. कथा सुरू होते ती त्याच्या मृत्यूच्या बातमीपासून. न्यायालयाच्या इमारतीत त्याचे सहकारी ती पेपरात वाचतात आणि प्रत्येकाच्या मनात पहिला विचार येतो तो बढत्या-बदल्यांचा. दुसरा विचार असा की मेला तो, मी नाही. प्योत्र इव्हानोविच हा जुना मित्र त्याच्या घरी जातो. तीन दिवस तो किती ओरडत होता ते विधवेकडून ऐकतो आणि क्षणभर हादरतो. मग नेहमीचा दिलासा मदतीला धावून येतो: हे इव्हान इलिचच्या बाबतीत घडलं आहे. त्याच संध्याकाळी तो पत्त्यांच्या डावाला हजर असतो.

आपल्याकडे श्मशानवैराग्य म्हणतात, ते या क्षणभर हादरण्याच्या जवळचं आहे. चितेपाशी सगळं व्यर्थ वाटतं आणि घरी येऊन आंघोळ झाली की ओसरतं. हायडेगरला ते पुरेसं वाटलं नसतं. कारण तिथेही मृत्यू हा दुसऱ्या कुणाला झालेला प्रसंग असतो, आणि आपण त्याचे प्रेक्षक. ‘माणूस मरायचाच’ असं आपण म्हणतो तेव्हा मरणारा तो ‘माणूस’ कुणीच नसतो. मृत्यू खात्रीचा आहे हे मान्य करायचं आणि त्याच दमात ‘आत्ता नाही’ हे गृहीत धरायचं, ही चारचौघांची युक्ती आहे. कधीही येऊ शकतो यातला ‘कधीही’ ते गुपचूप काढून टाकतात.

इव्हान इलिचला ही युक्ती जमेनाशी होते. शाळेत तर्कशास्त्राच्या पुस्तकात तो एक अनुमान शिकलेला असतो: कायस माणूस आहे, माणसं मर्त्य आहेत, म्हणून कायसही मर्त्य आहे. हे त्याने जन्मभर मान्य केलेलं असतं, पण कायसच्या बाबतीत. कायस म्हणजे सर्वसाधारण माणूस. आणि तो तर आईचा छोटा वान्या होता. पट्ट्यापट्ट्यांच्या चामडी चेंडूचा वास कायसला कुठे ठाऊक होता? अनुमान बिनचूक आहे, फक्त त्यात ‘मी’ला जागा नाही. मृत्यूबद्दल आपल्याला माहिती कमी पडते असं नाही. जी माहिती आहे ती कुणाबद्दलची आहे, प्रश्न तिथे आहे.

मग तो काय करतो? आपण करतो तेच. तो आडोसे उभे करतो. कोर्टात जातो, सहकाऱ्यांशी बोलतो, सुनावणी सुरू करतो. मध्येच कुशीत कळ येते आणि ‘ते’ समोर उभं राहून त्याच्याकडे बघतं. घरी येऊन तो दिवाणखाना आवरायला घेतो. टेबलावर ओरखडा दिसतो. तो फोटोंच्या अल्बमच्या वाकलेल्या धातूच्या काठाने पडलेला असतो. तो काठ सरळ करतो, मग सगळे अल्बम दुसऱ्या कोपऱ्यात हलवावेत असं त्याला वाटतं. बायको-मुलीला ते पटत नाही, वाद होतो, तो चिडतो. आणि या चिडण्यात त्याला बरं वाटतं, कारण तेवढा वेळ ‘ते’ दिसत नाही! तो स्वतःच सामान हलवायला लागतो तेव्हा बायको म्हणते की नोकर करतील, तुम्ही पुन्हा लावून घ्याल. तेवढ्या एका वाक्याने आडोसा पडतो. विचलनाचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. अल्बमच्या वाकड्या काठाबद्दल त्याला खरोखर काही वाटत असतं असं नाही. ती काळजी बेतशीर आहे, तिच्यावर उपाय आहे, म्हणून ती हवीशी आहे. बिनचेहऱ्याच्या चिंतेचं छोट्या, हाताळता येणाऱ्या भीतीत रूपांतर करणं हे आपलं रोजचं काम असतं.

आता हायडेगरचा सर्वात गैरसमज झालेला मुद्दा. मृत्यूला सामोरं असणं म्हणजे मरणाचा विचार करत बसणं नव्हे. तो हे स्पष्ट नाकारतो. कधी येईल, कसा येईल याचा घोळ घालत बसणं म्हणजे मृत्यूवर हिशेबाने ताबा मिळवण्याचा प्रयत्न. विमा काढावा, मृत्युपत्रही करावं, पण तो एका घटनेचा बंदोबस्त झाला. हायडेगरला मृत्यू घटना म्हणून नव्हे, शक्यता म्हणून हवा आहे, आणि तोही विचित्र शक्यता म्हणून. बाकीच्या शक्यता आपण प्रत्यक्षात आणतो: डॉक्टर होण्याची, घर बांधण्याची. ही एकच अशी की ती प्रत्यक्षात आली तर अनुभवायला आपण नसतो. ती फक्त शक्यता म्हणूनच आपली असू शकते, आत्ता, या घडीला. आणि तिथे माझ्या बदल्यात दुसरा उभा राहू शकत नाही. सभेला माझ्याऐवजी कुणी जाईल. कुणी माझ्यासाठी प्राणही देईल, पण त्याने माझं मरण टळत नाही, लांबतं.

याने काय बदलतं? पदं, नाती, लौकिक या गोष्टींना मी इतका चिकटलो होतो की त्या म्हणजेच मी असं वाटत होतं. त्या सगळ्या मर्यादित आणि सुटणाऱ्या दिसू लागतात. एक निवडली की दुसरी कायमची गेली, हे आता झाकता येत नाही. अस्सल असणं म्हणजे नोकरी सोडून डोंगरात जाणं नव्हे. इव्हान इलिचने न्यायाधीशच राहायचं ठरवलं असतं, तरी ‘आपल्या दर्जाचे लोक असंच जगतात’ म्हणून राहणं वेगळं आणि सुटणारी गोष्ट आहे हे जाणून ती धरणं वेगळं. काय धरावं हे हायडेगर सांगत नाही, आणि इथे माझं त्याच्याशी भांडण आहे. निर्धार करा, पण कशाचा ते विचारू नका, हा सल्ला धोक्याचा आहे. १९३३ साली तो फ्रायबुर्ग विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि नाझी पक्षाचा सदस्यही. त्यावरून त्याचा ग्रंथ खोटा ठरत नाही. पण चारचौघांच्या इतक्या कडक टीकाकाराला चारचौघांतल्या सर्वात भयंकर घोळक्यात जाण्यापासून त्याचं तत्त्वज्ञान अडवू शकलं नाही, हे नोंदवायलाच हवं.

दुसरी शंका खुद्द टॉलस्टॉयच देतो, आणि हायडेगरच्या तळटीपेत ती येत नाही. हायडेगर म्हणतो की मृत्यू माणसाला सगळ्या नात्यांतून तोडून एकटं करतो. कादंबरिकेत मात्र इव्हान इलिचला छळतं ते एकटेपण आणि त्याहून जास्त घरच्यांचं खोटं बोलणं: तू फक्त आजारी आहेस. ते खोटं बोलत नाही तो एकच, गेरासिम नावाचा तरुण नोकर. तो रात्र रात्र मालकाचे पाय आपल्या खांद्यावर धरून बसतो, कारण त्याने कळ कमी होते. आपण सगळेच मरणार, मग एवढं करायला काय हरकत आहे, असं तो सहज म्हणतो. हे वाक्य वरवर ‘माणूस मरायचाच’सारखंच आहे. पण चारचौघे ते मृत्यू झटकायला वापरतात आणि गेरासिम त्याच वाक्याच्या जोरावर जवळ बसून राहतो. तो अस्सल आहे की नाही? हायडेगरच्या चौकटीत याचं समाधानकारक उत्तर मला सापडत नाही. स्वतःच्या मृत्यूपेक्षा दुसऱ्याचा मृत्यू आपल्याला आधी हाक देतो, असं पुढे इमॅन्युएल लेव्हिनासने म्हटलं. मला तो अधिक बरोबर वाटतो.

पुढच्या आठवड्यात ज्याँ-पॉल सार्त्रचा आक्षेप पाहू. मृत्यू ही माझी शक्यता नाहीच, ती माझ्या सगळ्या शक्यता बाहेरून मोडून टाकणारी गोष्ट आहे, असं तो १९४३ साली लिहितो. तोवर ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ मिळवून वाचा. सगळी कादंबरिका जमली नाही तर पहिलं, सहावं आणि सातवं प्रकरण तरी वाचून या. सार्त्रची बाजू तपासताना आपल्याला गेरासिम लागणार आहे.