मावळत्या सूर्याला पहिले अर्घ्य
(सूर्योपासनेची व्रते : लेखांक ५)

मागील लेखांकात रथसप्तमीचा विचार करताना असे दिसून आले की महाराष्ट्रातील घरगुती सूर्यपूजा ही प्रामुख्याने उगवत्या सूर्याची पूजा आहे. अंगणात गोवरीच्या विस्तवावर दूध उतू जाऊ देण्याचा तिचा विधीही सकाळच्या उन्हातच होतो. बिहार, झारखंड, पूर्व उत्तर प्रदेश आणि नेपाळची तराई या सलग पट्ट्यात कार्तिक शुद्ध षष्ठीला पाळले जाणारे छठ हे व्रत मात्र पहिले अर्घ्य मावळत्या सूर्याला देते आणि उगवत्या सूर्याची पाळी त्यानंतरच्या पहाटे येते. अर्घ्य म्हणजे पूज्य अतिथीला वा देवतेला आदराने अर्पण केलेले पाणी. अस्ताच्या सूर्याला ते देणारे हे एकमेव कर्म आहे असे अनेकदा लिहिले जाते, परंतु ते अचूक नाही, कारण संध्यावंदनातही सायंकाळचे अर्घ्य आहेच. फरक असा की संध्या हे मुंज झालेल्या पुरुषाचे नित्यकर्म मानले गेले, तर छठमध्ये तेच अर्घ्य बहुतांशी स्त्रियांच्या हाती आले, वर्षातून एकदा सगळ्या गावासमोर नदीत उभे राहून देण्याचे झाले, आणि त्यासाठी पुरोहिताची वा संस्कृत मंत्रांची अट उरली नाही.

हा क्रम असा का, हे समजण्यासाठी व्रताच्या दोन देवता लक्षात घ्याव्या लागतात. सप्तमी ही सूर्याची तिथी आहे, तर षष्ठी ही षष्ठीदेवीची, म्हणजे मुलाबाळांचे रक्षण करणाऱ्या देवतेची. लोकभाषेत तीच ‘छठी मैया’ आणि लोकश्रद्धेनुसार ती सूर्याची बहीण. मराठी वाचकाला ती परकी वाटू नये, कारण बाळाच्या जन्मानंतर पूजली जाणारी आणि त्याच्या कपाळी विधिलिखित लिहून जाणारी सटवाई ही याच षष्ठीची लोकरूपातील मूर्ती आहे आणि तिचे नावही षष्ठी या शब्दातूनच आले आहे. महाराष्ट्रात ती बाळंतिणीच्या खोलीत राहिली, बिहारमध्ये ती सूर्यासोबत नदीकाठी आली. षष्ठीच्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवसाच्या सूर्योदयापर्यंत व्रत ताणले की भावाची आणि बहिणीची अशा दोन्ही तिथी एकाच उपासात गुंफल्या जातात, आणि अस्त आधी, उदय नंतर हा क्रम त्यातून आपोआप ठरतो. येथे घड्याळी तिथीचा अतिरेकी आग्रह मात्र चालत नाही. २०२५ मध्ये २८ ऑक्टोबरच्या सूर्योदयाला तिथी अजून षष्ठीच होती, तरी दुसरे अर्घ्य त्याच सकाळी दिले गेले. षष्ठीचा सूर्यास्त पकडायचा आणि त्यानंतरचा सूर्योदय गाठायचा, एवढाच व्रताचा खरा नियम आहे.

व्रत चार दिवसांचे असून त्याची सुरुवात चतुर्थीला ‘नहाय-खाय’ने, म्हणजे स्नान करून शुद्ध अन्न जेवण्याने होते. त्या दिवसाच्या जेवणाला ‘कद्दू-भात’ म्हणतात. येथे मराठी वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे, कारण बिहारमधील हा कद्दू म्हणजे लाल भोपळा नसून दुधी भोपळा होय. त्याच्या जोडीला हरभऱ्याची डाळ, सैंधव मीठ आणि ‘अरवा’ तांदळाचा भात असतो. त्या प्रदेशात रोजच्या जेवणात ‘उसना’, म्हणजे कोकणातल्यासारखा उकडा तांदूळ पुष्कळ चालतो, परंतु तो एकदा शिजलेला असल्याने व्रताला चालत नाही.

पंचमीचा दिवस ‘खरना’ म्हणून ओळखला जातो आणि खऱ्या उपासाचे मोजमाप येथून सुरू होते. व्रती स्त्री, जिला तिकडे ‘परवैतिन’ म्हणतात, दिवसभर काही न खाता संध्याकाळी मातीच्या नव्या चुलीवर आंब्याची लाकडे पेटवून ‘रसियाव’, म्हणजे गूळ घातलेली तांदळाची खीर, आणि पोळी करते, आणि नैवेद्यानंतर एकदाच जेवते. हे जेवण बंद खोलीत आणि पूर्ण शांततेत होते. जेवताना कोणाची हाक कानावर पडली तर घास तेथेच थांबवावा असा रिवाज असल्यामुळे त्या वेळी घरातली मुले गप्प बसवली जातात आणि दाराशी कोणीतरी उभे राहते. हा नियम केवळ शुचितेचा वाटला तरी त्यात अधिक काही आहे, कारण यानंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो आणि हे शेवटचे जेवण अर्धवट राहिले तर पुढचा सगळा काळ त्याच तुटपुंज्या शिदोरीवर काढावा लागतो.

पाटण्याचे २०२५ चे उदाहरण घेतले तर हा काळ नेमका मोजता येतो. २६ ऑक्टोबरला खरना झाला. जेवण संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास झाले असे धरू. २७ ऑक्टोबरला सूर्य सव्वापाचच्या आत मावळला, तेव्हा निर्जळी उपासाचे जवळजवळ तेवीस तास झालेले होते. २८ ऑक्टोबरला सूर्योदय सहाला काही मिनिटे कमी असताना झाला, आणि अर्घ्य, प्रणाम व प्रसाद आटोपून परवैतिनीने तोंडात पाणी घेईपर्यंत साडेसहा वाजले, म्हणजे छत्तीस तास पूर्ण झाले. छठचा उपास छत्तीस तासांचा असे जे सरसकट म्हटले जाते त्यामागचा हिशोब हा असा आहे.

उपासाचा दुसरा दिवस बसून काढण्याचा नसतो, कारण षष्ठीच्या सकाळी ‘ठेकुआ’ तळायचा असतो. त्यासाठी गहू घरी धुऊन गच्चीवर वाळत घालतात आणि त्यावर पक्ष्यांनी चोच मारू नये म्हणून राखणीला माणूस बसवतात. दळलेल्या पिठात तूप चोळून गुळाच्या पाण्याने घट्ट गोळा मळला जातो, त्याचे छोटे भाग पान वा जाळी कोरलेल्या लाकडी साच्यावर तळहाताने दाबले जातात, आणि मंद आचेवर तुपात तळले जातात. चवीला आणि जातीला हा पदार्थ आषाढातल्या कापण्यांच्या जवळचा आहे. पाणी थोडे जास्त झाले तर ठेकुआ तुपात पसरून फुटतो, आच मोठी झाली तर बाहेरून काळा आणि आतून कच्चा राहतो. आणि हे सारे ती स्त्री चव न घेता, स्वतःच्या ओठांना पाणी न लावता, केवळ हाताच्या आणि डोळ्यांच्या अंदाजाने साधते.

दुपारनंतर बांबूच्या सुपात ठेकुआ, केळी, नारळ, शिंगाडे, पानांसह हळदीचे आणि आल्याचे रोप, पपनसाच्या जातीचे मोठे लिंबू आणि ऊस असे सगळे मांडले जाते. सूप हा शब्द मराठीतही तोच आणि वस्तूही तीच आहे. बिहारमध्ये ही सुपे परंपरेने डोम समाजातील कारागीर विणतात आणि पाटण्यात खरन्याच्या मातीच्या चुली घडवणाऱ्यांत मुस्लिम स्त्रियाही असतात. सोवळ्याच्या इतक्या कडक व्रताची मुख्य साधने या हातांतून येतात, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भरलेली सुपे ‘दउरा’ नावाच्या मोठ्या टोपलीत ठेवून घरातील पुरुष ती डोक्यावर घेतो आणि अनवाणी घाटावर जातो.

घाटावर परवैतिन कमरेइतक्या पाण्यात उभी राहते. नाकाच्या शेंड्यापासून भांगापर्यंत शेंदराची लांब रेघ असते, दोन्ही हातांवर सूप असते, आणि सूर्याचा खालचा काठ क्षितिजाकडे झुकू लागला की ती सूप त्याच्यासमोर धरून जागच्या जागी फिरते, तर घरातील माणसे सुपाच्या पुढच्या कडेशी दूध किंवा पाण्याची धार सोडतात. पाटण्याच्या घाटांची रचना या कर्माला मोठी अनुकूल आहे. तेथे गंगा साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते आणि शहर तिच्या दक्षिण काठावर वसले आहे, त्यामुळे नदीकडे तोंड केलेल्या माणसाच्या डाव्या हाताला सूर्य मावळतो आणि उजव्या हाताला उगवतो. संध्याकाळी आणि पहाटे एकाच जागी उभे राहून केवळ तोंड वळवावे लागते. बिहारमधील औरंगाबाद जिल्ह्यातील देव या गावचे सूर्यमंदिर तर पश्चिमाभिमुख आहे आणि छठला तेथे मोठी यात्रा भरते. उलट मुंबईत जुहूच्या किनाऱ्यावर, जेथे बिहारी आणि पूर्वांचली कुटुंबे वर्षानुवर्षे हे व्रत करीत आली आहेत, सूर्य समुद्रात मावळतो पण शहराच्या इमारतींमागून उगवतो. म्हणून पहाटे परवैतिनीला समुद्राकडे पाठ करून उभे राहावे लागते, आणि पंचांगात दिलेली वेळ उलटून गेली तरी बिंब दिसेपर्यंत थंड पाण्यात थांबावे लागते.

या व्रताचे धोकेही स्पष्ट सांगितले पाहिजेत. पहिला धोका नदीचा आहे. पावसाळ्याचे पाणी उतरल्यावर घाटापुढे गाळ साचतो, पाटण्यात अनेक ठिकाणी प्रवाह दूर सरकलेला असतो, आणि वरून घट्ट दिसणाऱ्या गाळात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणून प्रशासन दर वर्षी धोकादायक घाटांची यादी काढते आणि पाण्यात बांबूंचे कुंपण घालते. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी पाटण्याच्या अदालत घाटाजवळ संध्याकाळच्या अर्घ्यानंतर परतणाऱ्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन अनेक जीव गेले, त्यात मुलेही होती.

दुसरा धोका शरीराचा आहे, आणि येथे भुकेपेक्षा तहान अधिक घातक असते. तोंड कोरडे पडणे आणि डोके दुखणे हे अपेक्षितच असते. परंतु लघवी फार कमी आणि गडद होणे, उभे राहताच भोवळ येणे, आणि त्याहून पुढे बोलणे असंबद्ध होणे ही उपास तेथेच सोडण्याची लक्षणे आहेत. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रीने आणि गर्भवतीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळी राहू नये, कारण औषध नेहमीचे आणि अन्न-पाणी शून्य, हा मेळ जिवावर बेतू शकतो. भोवळ आलेल्या परवैतिनीला पाण्यातून बाहेर काढून पाणी पाजणे हाच त्या वेळचा धर्म होय.

परंपरेनेही यासाठी वाट ठेवलेली आहे. जिला उपास झेपत नाही, किंवा जिच्या घरी त्या वर्षी मृत्यू झाल्यामुळे छठ करता येत नाही, ती आपले सूप दुसऱ्या परवैतिनीच्या हाती देते आणि ती स्वतःच्या सुपासोबत त्याचेही अर्घ्य देते. पहाटेचे अर्घ्य झाल्यावर आल्याचा तुकडा, गूळ आणि पाणी घेऊन परवैतिन ‘पारण’ करते, म्हणजे उपास सोडते. त्यानंतर घाटावर जमलेले लोक, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा, तिच्या पाया पडतात आणि पदर पसरून प्रसाद मागतात. छठ मनाला येईल त्या वर्षी धरता आणि सोडता येत नाही. एकदा घेतलेले व्रत शरीर साथ देईल तोवर चालवायचे असते, आणि मग सासू ते सुनेच्या हाती सोपवते.