दोन झोनच्या भट्टीतली ओढाताण

मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे स्फटिक वाढवायची एक जुनी रीत आहे. क्वार्ट्झच्या नळीच्या एका टोकाला त्याची पूड ठेवायची, सोबत थोडं आयोडीन घालायचं, आतली हवा काढून नळी वितळवून बंद करायची आणि आडव्या भट्टीत सरकवायची. पुडीचं टोक जास्त गरम ठेवतात, दुसरं त्याहून कमी. गरम टोकाला आयोडीन पुडीशी संयोग पावून तिला वायुरूपात उचलतं, कमी गरम टोकाला तिला सोडून देतं आणि पुढच्या खेपेसाठी माघारी येतं. कित्येक दिवस हे चालू राहिलं की त्या टोकाला चकचकीत, पातळ पापुद्र्यांसारखे स्फटिक दिसू लागतात.

सगळा कारभार दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर चालतो. हा फरक मध्येच वाढला तर वाफ एकदम जास्त येते, जागोजागी नवी बीजं पडतात आणि मोजक्या मोठ्या स्फटिकांऐवजी चुरा हाती लागतो. म्हणून अशा भट्टीला दोन झोन असतात. प्रत्येकाला स्वतःचा हीटर, स्वतःचं थर्मोकपल आणि स्वतःचा कंट्रोलर. कागदावर पाहिलं तर या दोन वेगळ्या भट्ट्याच. पण नळी एकच आहे आणि दोन झोनच्या मध्ये उष्णतेला अडवणारं फारसं काही नाही.

हिशोबासाठी पहिला झोन 900 अंश सेल्सियसवर आणि दुसरा 800 वर स्थिरावला आहे असं धरू. पहिल्याचा सेटपॉइंट 20 अंशांनी वाढवला. त्याच्या कंट्रोलरने हीटरची वीज वाढवली. त्यातली काही उष्णता शेजारी गेली आणि कोणी न सांगता दुसरा झोन तापू लागला. दुसऱ्या कंट्रोलरला हे खपत नाही, त्याने आपली वीज कमी केली. त्यामुळे पहिल्या झोनला शेजारून मिळणारी ऊब घटली, तिथलं तापमान रेंगाळलं, म्हणून पहिल्या कंट्रोलरने आणखी वीज ओतली. दोन्ही कंट्रोलर एकेकटे नीट ट्यून केलेले असले तरी एकत्र चालवल्यावर आलेखावर लाटा उठतात त्या अशा.

यावर बहुतेक जण करतात तो उपाय म्हणजे एका कंट्रोलरला मुद्दाम सुस्त करणं. एकजण हळू चालला की भांडण मिटतं. कमी महत्त्वाच्या झोनसाठी मला हा उपाय चालण्यासारखा वाटतो. पण इथे दोन्ही टोकं महत्त्वाची आहेत, आणि सुस्त केलेला झोन बाहेरच्या गडबडीतूनही तितक्याच सुस्तपणे सावरतो.

दुसरी वाट अशी की शेजाऱ्याच्या हालचालीचा आपल्यावर किती परिणाम होतो हे आधी मोजायचं आणि तेवढी वजावट आगाऊच करायची. त्यासाठी भट्टी नेहमीच्या तापमानावर स्थिर झाल्यावर दोन्ही कंट्रोलर मॅन्युअलवर टाकतात. पहिल्या हीटरची वीज पूर्ण क्षमतेच्या 5 टक्क्यांनी वाढवायची, दुसऱ्याला हात लावायचा नाही, आणि दोन्ही तापमानं पुन्हा स्थिर होईपर्यंत थांबायचं. जाड इन्सुलेशनच्या भट्टीत याला तासन्‌तास लागतात. घाई केली तर शेजारच्या झोनचा आकडा हमखास कमी नोंदला जातो, कारण तिथे उष्णता उशिरा पोहोचते. मग वीज मूळ जागी आणून हेच दुसऱ्या हीटरवर करायचं.

समजा पहिल्या हीटरच्या 5 टक्क्यांनी पहिला झोन 30 अंशांनी वाढला आणि दुसरा 18 अंशांनी. दुसऱ्या हीटरच्या 5 टक्क्यांनी दुसरा 25 ने आणि पहिला 10 ने. म्हणजे एका टक्क्यामागे पहिला हीटर स्वतःच्या झोनला 6 अंश देतो आणि शेजाऱ्याला 3.6, दुसरा स्वतःला 5 आणि शेजाऱ्याला 2. (प्रत्येक हीटरने स्वतःच्या झोनपेक्षा शेजारचाच जास्त तापवला असं दिसलं, तर आधी थर्मोकपलच्या तारांची अदलाबदल झालेली नाही ना ते तपासा.)

आता दोन भागाकार करायचे. दुसऱ्या हीटरने पहिल्या झोनला दिलेले 2 अंश पहिल्या हीटरच्या किती टक्क्यांनी खोडले जातील? 2 भागिले 6, म्हणजे 0.33. उलट बाजूने 3.6 भागिले 5, म्हणजे 0.72. कंट्रोलर आणि हीटर यांच्यामध्ये पीएलसीत या दोन ओळी बसवल्या की काम झालं:

```
u1 = v1 - 0.33*v2
u2 = v2 - 0.72*v1
```

यात v म्हणजे कंट्रोलरने मागितलेला बदल आणि u म्हणजे हीटरला प्रत्यक्ष दिलेला बदल, दोन्ही स्थिर पातळीपासून मोजलेले. पहिला झोन 20 अंशांनी वाढवायचा तर पहिला कंट्रोलर शेवटी 4.39 टक्के मागतो. तेवढी वीज पहिल्या हीटरला मिळते, आणि दुसऱ्याची 3.16 टक्क्यांनी आपोआप उतरते. पहिल्या झोनला स्वतःच्या हीटरकडून 26.3 अंश मिळतात, शेजारून 6.3 जातात, उरतात 20. दुसऱ्या झोनमध्ये 15.8 अंश येतात आणि 15.8 जातात.

गंमत अशी, की वजावट नसती तरी भांडण संपल्यावर हीटर याच आकड्यांवर येऊन थांबले असते, कारण भट्टीचं गणित तेच आहे. फरक पडतो तो तिथवर पोहोचण्याच्या वाटेत, आणि स्फटिक बिघडतो तोही त्या वाटेतच. आणखी एक गोष्ट अनेकदा विसरली जाते. वजावटीनंतर पहिल्या कंट्रोलरच्या एका टक्क्याला 6 ऐवजी 4.56 अंशच मिळतात, म्हणून दोन्ही कंट्रोलर नव्याने ट्यून करावे लागतात.

काय चुकतंय हे आलेखावरून कळतं. पहिला सेटपॉइंट वाढवल्यावर दुसरा झोन आधी थोडा खाली डुबून मग सावरत असेल, तर वजावट वेळेआधी लागू होते आहे: दुसऱ्या हीटरची वीज लगेच उतरली, पण पहिल्याची ऊब अजून वाटेत आहे. अशा वेळी वजावटीचा सिग्नल फिल्टर लावून थोडा उशिरा पोहोचवायचा. दुसरा झोन वरच फुगत असेल तर बहुधा गुणक लहान पडला आहे. आणि दुसरा हीटर आधीच शून्याजवळ असेल तर वजावट होणारच नाही, कारण हीटर थंडावा देऊ शकत नाही. तेव्हा सेटपॉइंट एकदम न वाढवता हळूहळू चढवणं हाच मार्ग.

खरी मर्यादा मात्र वेगळी आहे. अमेरिकेतल्या फॉक्सबोरो कंपनीतल्या एडगर ब्रिस्टल यांनी 1966 मध्ये अशा ओढाताणीचं माप सांगितलं. आडव्या परिणामांचा गुणाकार (2 गुणिले 3.6) सरळ परिणामांच्या गुणाकाराने (6 गुणिले 5) भागायचा, येतं 0.24, ते एकातून वजा करून एकाला त्याने भागायचं. आपल्या भट्टीत उत्तर 1.3 येतं, म्हणजे ओढाताण सौम्य आहे. झोन फारच जवळ असतील आणि हा आकडा 10 च्या घरात गेला, तर मोजणीतली छोटी चूकही वजावट उलटी पाडू शकते. तिथे गणित सोडून दोन झोनच्या मध्ये इन्सुलेशनची चकती बसवणं शहाणपणाचं.

शिवाय 900 अंशांवर काढलेले गुणक 400 वर चालतील असं नाही. तापमान वाढेल तसा उत्सर्जनाने होणारा उष्णतेचा ऱ्हास झपाट्याने वाढतो आणि एका टक्क्यामागचे अंश घटतात. भट्टीचं काम वेगळ्या तापमानावर न्यायचं असेल, हीटर बदलला असेल किंवा नळीच्या तोंडाचं सिरॅमिक लोकरीचं बूच बदललं असेल, तर ही चाचणी पुन्हा करावी लागते.