एकच बॅग, तीन अरबी शहरं

कैरो, रियाध आणि कासाब्लांका इथल्या ग्राहकांना पाठीवरची एकच बॅग ऑनलाइन विकायची आहे. मूळ इंग्रजी वर्णनाचा सूर असा: ‘ही भन्नाट बॅग उचला नि निघा! तुमचा 15.6 इंची लॅपटॉप आरामात मावतो. पाण्याला दाद देत नाही. रंग: बरगंडी.’ याचं अरबी रूप तीनही ठिकाणी चालायला हवं.

पहिला प्रश्न नावाचा. कैरोत आणि रियाधमध्ये लोक बॅगेला सर्रास ‘शंता’ म्हणतात, मोरोक्कोत हा शब्द तितका रुळलेला नाही. म्हणून शाळेत, वर्तमानपत्रात आणि बातम्यांत वापरली जाणारी प्रमाण अरबी, म्हणजे फुस्हा, घ्यायची. तिच्यातला ‘हकीबा’ सगळ्यांना कळतो आणि कुठल्या एका देशाचा वाटत नाही. रंगाचं जरा नाजूक आहे. बरगंडीला इजिप्तमध्ये ‘नबीती’ म्हणतात आणि या शब्दाचं मूळ मद्यात आहे. आखातात ‘अन्नाबी’ अधिक ओळखीचा. मी सरळ ‘गडद लाल’ लिहीन, छटा फोटोत दिसतेच.

मग ‘उचला नि निघा’. अरबीत एका व्यक्तीला आज्ञा करताना क्रियापद पुरुषासाठी वेगळं, बाईसाठी वेगळं. पुरुषी रूप वापरलं की निम्मे ग्राहक बाजूला पडतात. शिवाय अनोळखी दुकानदाराचा हा सलगीचा हुकूम फुस्हात विचित्र वाटतो. त्यावर चांगला उपाय म्हणजे आज्ञाच काढून टाकणं आणि ‘काम आणि प्रवासासाठी सोयीची’ असं वर्णन करणं: ‘मुनासिबा लिल-अमल वस्सफर’. ‘भन्नाट’ही गाळायचं. त्या जागी टिकाऊ कापड, रुंद पट्टे अशी खरी माहिती द्यावी. मात्र टोकाची जड, सरकारी फुस्हाही नको. वाक्यं छोटी ठेवली की ती ओघवती राहते.

‘पाण्याला दाद देत नाही’ इथे आधी कंपनीला विचारावं. पाणी अजिबात आत जात नाही आणि थोडा पाऊस सोसते, या दोन दाव्यांसाठी अरबीत वेगळे शब्द आहेत. चुकीचा निवडला तर बॅग परत येते.

आकड्यांत फसगत फार होते. मजकूर उजवीकडून डावीकडे, आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. त्यामुळे गुणाकाराच्या खुणेने जोडलेली तीन मापं पडद्यावर उलट क्रमाने दिसू शकतात आणि उंची रुंदी होऊन बसते. म्हणून ‘उंची 45 सेंमी’ अशी प्रत्येक बाजू वेगळ्या ओळीत लिहावी. इंचाशेजारी 39.6 सेंमीही द्यावेत, कारण कासाब्लांकाचा ग्राहक मेट्रिक मापांत विचार करतो.

शेवटी तिन्ही शहरांतल्या एकेका माणसाला मजकूर वाचायला द्यावा आणि ‘कळलं का’ याऐवजी ‘हा कुठल्या देशातल्या माणसाने लिहिलाय’ असं विचारावं. कुणी ठामपणे एका देशाचं नाव घेतलं तर ज्या शब्दामुळे ते वाटलं तो बदलावा. ‘शंता’ मात्र टाकून द्यायचा नाही. कैरोतला ग्राहक शोधताना तोच टाइप करतो, म्हणून तो दुकानाच्या शोधशब्दांत राहू द्यावा.