नव्या वरिष्ठांना पहिली मेल

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात नव्या वरिष्ठांना ओळखीची मेल लिहायला बसलं की बहुतेकांच्या हातून दोनच गोष्टी उतरतात. एक शिक्षण-अनुभवाची यादी, आणि दुसरी ‘मी मेहनती आहे, सगळ्यांशी जुळवून घेते’ अशी वाक्यं. यादी त्यांनी बायोडेटात वाचलेली असते. वाक्यांवरून त्यांना काहीच ठरवता येत नाही, कारण ती कुणीही लिहू शकतं.

चाकणच्या एखाद्या कारखान्यात अकाउंट्सला नव्याने लागलेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. सप्लायरची बिलं तपासून पेमेंट लावणं हे तिचं काम. तिच्या मेलमध्ये खरी किंमत आहे ती अशा वाक्याला: ‘बिल आलं की त्याच दिवशी नोंदवते आणि अडलेल्या बिलांची यादी दर शुक्रवारी दुपारी पाठवते.’ हे वाचून साहेबांना कळतं की शुक्रवारी आपल्या हातात काय पडणार आहे. कामाची पद्धत सांगायची ती अशी, समोरच्याला दिसेल अशा कृतीतून. आपली एखादी अडचणही याच रीतीने सांगता येते. ‘फोनवर सांगितलेले आकडे मी लगेच मेलवर टाकून खात्री करून घेते’ यात तोंडी आकड्यांवर विसंबत नाही हे आलंच, शिवाय त्यावरचा उपायही आला.

मात्र ‘सहानंतर फोन घेत नाही’ यासारखी गोष्ट पहिल्या मेलमध्ये नको. ती रास्त असेलही, पण ओळख व्हायच्या आधी ती अटीसारखी वाचली जाते. समोरासमोर बोलताना ती सहज सांगता येते.

प्रश्नांचं काम जास्त अवघड. ‘तुमच्या माझ्याकडून काय अपेक्षा आहेत?’ हा प्रश्न इतका मोठा आहे की त्याचं उत्तरही तितकंच मोघम येतं. रजा, पगाराची तारीख, ओळखपत्र हे विचारायला एचआर आहे. साहेबांना विचारायचं ते फक्त तेच ठरवू शकतात असं. आपल्या उदाहरणात असा एक प्रश्न समोरच आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या पुरवठादारांना, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे. कारखान्याकडे रोकड कमी असेल त्या आठवड्यात आधी कुणाचं पेमेंट सोडायचं, हे नव्या माणसाने स्वतःच्या मनाने ठरवायचं नसतं.

दुसरा प्रश्न संवादाचा. जॉन गॅबारो आणि जॉन कॉटर यांनी १९८० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये वरिष्ठांशी कामाचं नातं कसं सांभाळावं यावर लेख लिहिला. त्यात त्यांनी पीटर ड्रकर यांनी केलेला एक भेद वापरला आहे: काही वरिष्ठ वाचून समजून घेतात, काही ऐकून. वाचणाऱ्याला आधी कागद द्यावा आणि मग बोलावं. ऐकणाऱ्याशी आधी बोलावं, मग लिहून द्यावं. हा भेद मला फार उपयोगाचा वाटतो, कारण तो थेट विचारता येतो.

मेल अशी होईल:

विषय: ओळख आणि दोन प्रश्न – सप्लायर पेमेंट

नमस्कार सर,

सोमवारपासून सप्लायर पेमेंटचं काम मी बघते आहे. याआधी एका औषध कंपनीत हेच काम केलं. बिल आलं की त्याच दिवशी नोंदवते आणि अडलेल्या बिलांची यादी शुक्रवारी दुपारी पाठवते. फोनवरचे आकडे मेलवर टाकून खात्री करून घेते.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. रोकड कमी असताना लघु उद्योगांची ४५ दिवसांची बिलं आधी सोडायची, की क्रम दर वेळी आपल्याला विचारायचा? अडचण आली तर आधी मेल करू, की येऊन बोलू?

पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं मिळाली तर समक्ष बोलता येईल.

एवढी मेल मोबाइलवर एका दमात वाचून होते. ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी जावी, म्हणजे प्रश्न प्रत्यक्ष काम बघून सुचलेले असतात. महिनाअखेरच्या धावपळीत अकाउंट्सच्या साहेबांना ती पाठवू नये. सीसीत कुणीही नको. ‘सर’ लिहायचं की नुसतं नाव, हे आजूबाजूचे काय लिहितात ते पाहून ठरवावं. आधी हे काम करणाऱ्याच्या चुका दिसल्या असतील, तरी त्या इथे लिहू नयेत. त्याला नेमके कोणते आदेश होते हे अजून आपल्याला माहीत नसतं.

‘या, बोलू’ एवढंच उत्तर आलं, तर साहेब बहुधा ऐकणारे आहेत. मुद्द्यांना क्रमाने उत्तरं आली, तर वाचणारे. काहीच आलं नाही, तर आठवणीची मेल न पाठवता तेच दोन प्रश्न वहीत लिहून पहिल्या भेटीला न्यावेत. भेटीत जे ठरलं ते त्याच संध्याकाळी तीन ओळींत, त्याच मेलला जोडून पाठवावं: ‘लघु उद्योगांची बिलं आधी, बाकीचा क्रम आपल्याला विचारून.’ काही चुकीचं समजलं असेल, तर ते पेमेंट सुटण्याआधीच दुरुस्त होतं.